दोन रकान्यांचा ताळा

दहावीच्या गणितात सांख्यिकीचं प्रकरण आलं की वह्यांमधून एक ओळखीचा तक्ता दिसू लागतो. डावीकडे वर्ग, शेजारी वारंवारता, मग वर्गमध्य, मग गुणाकार आणि कडेला संचित वारंवारता. बहुतेक ठिकाणी तपासणी उत्तरापासून सुरू होते आणि उत्तरापाशीच संपते: पुस्तकामागच्या आकड्याशी जुळलं की बरोबर, नाही तर चूक. प्रकल्पवहीतल्या तक्त्याला मात्र मागे उत्तर छापलेलं नसतं. आकडे विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेले असतात आणि तपासणाऱ्याला ताळा तक्त्यातूनच काढावा लागतो. तो निघतो, आणि फार सुंदर रीतीने निघतो.

उदाहरणासाठी एक तक्ता घेऊ. समजा, एका मुलीने आपल्या वसाहतीतल्या ४० घरांचा एका महिन्याचा वीजवापर युनिटमध्ये नोंदवला आणि वहीत असं लिहिलं:

| वर्ग (युनिट) | घरे (वारंवारता) | वर्गमध्य | गुणाकार | संचित वारंवारता |
|---|---|---|---|---|
| ०–५० | ५ | २५ | १२५ | ५ |
| ५०–१०० | १० | ७५ | ७५० | १५ |
| १००–१५० | १३ | १२५ | १६२५ | २८ |
| १५०–२०० | ७ | १७५ | ११२५ | ३४ |
| २००–२५० | ३ | २२५ | ६७५ | ३७ |
| २५०–३०० | २ | २७५ | ५५० | ४० |
| एकूण | ४० | | ४८५० | |

४८५० भागिले ४० म्हणजे १२१.२५. सरासरी वीजवापर १२१.२५ युनिट.

वरवर पाहता सगळं नीट आहे. उत्तर ० ते ३०० च्या आत आहे, सर्वांत जास्त घरं ज्या १००–१५० च्या वर्गात आहेत तिथेच पडतं, आणि संचित वारंवारता शेवटी बरोबर ४० वर येऊन थांबते. घाईतला तपासनीस इथे बरोबरची खूण करून पान उलटेल. पण या तक्त्यात दोन चुका आहेत, आणि एक तिसरी गोष्ट आहे जी त्या दोन्हींपेक्षा गंभीर आहे.

त्या पकडण्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सरासरी आणि संचित वारंवारता ही पुस्तकात दोन वेगळी कामं म्हणून शिकवली जातात. गुणाकाराचा रकाना सरासरीसाठी, संचिताचा रकाना मध्यकासाठी. पण दोन्ही एकाच वारंवारतेतून निघतात, त्यामुळे नुसत्या संचित वारंवारतेवरूनही सरासरी काढता येते. वर्गमध्यांशी एकही गुणाकार करावा लागत नाही.

कशी ते पाहू. क्षणभर समजा की चाळीसही घरं शेवटच्या, २५०–३०० च्या वर्गात आहेत. मग सरासरी २७५ आली असती. प्रत्यक्षात बरीच घरं खाली आहेत. २००–२५० मधलं प्रत्येक घर एक पायरी खाली, १५०–२०० मधलं दोन पायऱ्या, असं करत पहिल्या वर्गातलं प्रत्येक घर पाच पायऱ्या खाली. प्रत्येक पायरीला ५० युनिट कमी होतात. आता संचित वारंवारतेचा रकाना वाचा. पहिल्या वर्गातली पाच घरं पहिल्या ओळीत मोजली गेली, दुसऱ्या ओळीतल्या पंधरातही ती आहेत, तिसऱ्या ओळीतही, आणि असं पाचव्या ओळीपर्यंत. म्हणजे शेवटची ओळ सोडली तर पाच वेळा. २००–२५० मधली घरं शेवटची ओळ सोडून एकदाच मोजली गेली. थोडक्यात, शेवटची ओळ वगळून संचित वारंवारतांची बेरीज केली की सगळी घरं मिळून किती पायऱ्या खाली आहेत तेच मिळतं.

वहीतल्या आकड्यांनी ही बेरीज ५, १५, २८, ३४ आणि ३७ मिळून ११९ होते. ११९ गुणिले ५० म्हणजे ५९५०, त्याला ४० ने भागून १४८.७५. ते २७५ मधून वजा केले की सरासरी १२६.२५ येते. वहीतली सरासरी १२१.२५. एकाच तक्त्याच्या दोन रकान्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली, म्हणजे निदान एक रकाना तरी नक्की चुकला आहे.

कोणता, हे शोधायला संचिताचा रकाना आधी घ्यावा, कारण तो उलटा वाचणं सोपं असतं. लागोपाठच्या दोन संचित आकड्यांतला फरक म्हणजे त्या वर्गाची वारंवारता. ५, मग १५ वजा ५ म्हणजे १०, मग १३, मग ३४ वजा २८ म्हणजे ६. इथे थांबायचं: तक्त्यात ७ आहे. २८ आणि ७ यांची बेरीज ३५ ऐवजी ३४ झाली. पुढे ३७ वजा ३४ म्हणजे ३, हे जुळतं. शेवटी ४० वजा ३७ म्हणजे ३, पण तक्त्यात २ आहे.

ही शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ३४ लिहिल्यावर बेरीज प्रामाणिकपणे पुढे नेली असती तर शेवटी ३९ आले असते आणि चूक तिथेच ओरडून सांगितली गेली असती. पण शेवटचा आकडा ४० यायलाच हवा हे माहीत असतं, म्हणून तो मोजला न जाता लिहिला जातो. लबाडी म्हणून नव्हे. उत्तर ठरलेलं आहे असं वाटलं की हात आपोआप ते लिहितो. त्यामुळे ‘शेवटचा संचित आकडा एकूण वारंवारतेइतका आला का’ ही शाळेत शिकवली जाणारी एकमेव चाचणी जिथे हवी तिथेच निकामी होते. फरकांची चाचणी मात्र फसत नाही. एका जागी एक कमी आणि नंतर दुसऱ्या जागी एक जास्त असं दिसलं की शेवट जुळवून घेतला आहे हे जवळजवळ ठरलेलंच. अशा वेळी मुलांना चूक कुठे आहे एवढं सांगून पुरत नाही. शेवटचा आकडाही खालून वर नव्हे, वरून खाली बेरीज करतच लिहायचा, हे सांगावं लागतं.

दुरुस्त रकाना ५, १५, २८, ३५, ३८, ४०. शेवटचा सोडून बेरीज १२१. ती ५० ने गुणून ४० ने भागली की १५१.२५, आणि २७५ मधून वजा करून १२३.७५. अजूनही वहीतल्या १२१.२५ शी जुळत नाही. म्हणजे गुणाकाराचा रकानाही चुकला आहे.

तेच गुणाकार त्याच क्रमाने पुन्हा करणं हा सर्वांत कमकुवत ताळा. पहिल्यांदा जिथे हातचा चुकला, तिथेच तो दुसऱ्यांदाही चुकतो. दुसऱ्या वाटेने जावं. गृहीतमध्य १२५ घेतला, तर वर्गांची स्थानं पन्नासाच्या मापाने −२, −१, ०, १, २, ३ अशी होतात. वारंवारतेने गुणून −१०, −१०, ०, ७, ६, ६, बेरीज −१. मग ५० चा एक चाळिसावा भाग म्हणजे १.२५, आणि १२५ मधून तो वजा करून १२३.७५. हे गणित तोंडीही होतं. तीन वेगळ्या वाटांपैकी दोन एकाच ठिकाणी पोहोचल्या, तेव्हा चूक सरळ पद्धतीच्या गुणाकारांत आहे. योग्य बेरीज ४० गुणिले १२३.७५, म्हणजे ४९५०. वहीत ४८५०. बरोबर शंभरचा फरक हा बहुधा हातच्याचा असतो. सात वेळा १७५ म्हणजे सातशे अधिक पाचशे पंचवीस, १२२५. वहीत ११२५ आहे. सापडलं.

या ताळ्याच्या मर्यादा मात्र डोळ्यांसमोर ठेवायला हव्यात. वारंवारताच चुकीची मोजली असेल, तर दोन्ही रकाने एकमेकांशी व्यवस्थित जुळतील आणि दोन्ही चूक असतील. बरोबर १०० युनिट वापरलेलं घर दोन्ही वर्गांत मोजलं गेलं, हे याचं नेहमीचं रूप. रूढ पद्धतीने ते १००–१५० मध्ये जातं. एकूण घरं ४० ऐवजी ४१ भरली, तर हेच झालेलं असतं. ते कळायला मूळ यादीतली घरं मोजावी लागतात. शिवाय वर्ग समान रुंदीचे नसतील, तर प्रत्येक पायरी ५० ची राहत नाही. मग प्रत्येक संचित आकड्याला त्याच्या पुढच्या आणि त्याच्या वर्गमध्यांतल्या अंतराने वेगळं गुणावं लागतं.

आणखी एक चूक वह्यांत वारंवार दिसते: वर्गमध्याऐवजी वरची वर्गमर्यादा घेणं. ती ओळखायला तक्ता पाहावाही लागत नाही, कारण उत्तर बरोबर अर्ध्या वर्गाने, इथे २५ ने, वाढतं आणि १४८.७५ येतं. खालची मर्यादा घेतली तर ९८.७५. हे दोन आकडे चुकीचे असले तरी टाकाऊ नाहीत. प्रत्येक घर आपल्या वर्गात कुठे बसतं हे तक्ता सांगत नाही. आपण फक्त ते मधोमध धरतो. म्हणून मूळ ४० बिलांवरून काढलेली खरी सरासरी १२३.७५ असेलच असं नाही. ती ९८.७५ आणि १४८.७५ यांच्या आत असते, एवढंच नक्की. मुलीने मूळ आकड्यांची सरासरी संगणकावर काढली आणि ती १२३.७५ आली नाही, तर तो तक्त्याचा दोष नव्हे आणि तिचाही नव्हे. गुण कापताना हे लक्षात असावं.

मध्यकाकडे जाताना संचित रकान्यात एक ओळ हमखास घसरते. ४० चा अर्धा २०. विसावं घर १००–१५० मध्ये पडतं, कारण त्याआधी १५ घरं संपतात आणि त्याच्या शेवटी २८ होतात. सूत्रात आधीच्या वर्गाचे १५ घालायचे: २० वजा १५ म्हणजे ५, त्याला १३ ने भागून ५० ने गुणलं की सुमारे १९.२, म्हणून मध्यक साधारण ११९.२. त्याच ओळीतले २८ घातले तर वजाबाकी ऋण होते आणि उत्तर ६९.२ येतं, म्हणजे आपण निवडलेल्या वर्गाच्याही बाहेर. मध्यक आपल्याच वर्गाबाहेर पडला, की यापलीकडे दुसरं कारण शोधू नये.

आता हीच मुलगी वर्ग स्वतः न आखता वीजबिलावरच्या टप्प्यांवरून घेते असं धरू: ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर. रुंदी समान नाही, आणि शेवटच्या वर्गाला वरची मर्यादाच नाही. त्याचा वर्गमध्य काय घ्यायचा? ५५०, ७०० की १०००, काहीही घेतलं तरी तो तिचा अंदाज असेल आणि सरासरी त्या अंदाजावर हलेल. इथे तपासणाऱ्याने आकड्याआधी ते गृहीतक वहीत लिहिलं आहे का हे पाहावं. संचित वारंवारता मात्र या उघड्या वर्गातही जराही अडखळत नाही, आणि अर्ध्याहून जास्त घरं खालच्या टप्प्यांत असतील तर मध्यकही निर्धास्त काढता येतो. अशा तक्त्यावर सरासरी मागणाऱ्या प्रश्नापेक्षा मध्यक मागणारा प्रश्न जास्त योग्य ठरतो.