बेलपाड्याच्या मातीला किती गुण?

शेजारच्या सातवीतल्या मुलीने भूगोलाची कार्यपत्रिका पुढे केली. ‘तुमच्या परिसरातील हवामान, मृदा व पिके थोडक्यात लिहा.’ तिचं उत्तर तयार होतं : कोकण, उष्ण व दमट हवामान, जांभी मृदा, भात. त्यातलं ‘जांभी’ खोडावं लागलं.

कृषी-हवामानाच्या विभागणीत कोकणाचे दोन तुकडे पडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा जांभ्या जमिनीचा अतिपावसाचा विभाग. ठाणे-रायगडात पाऊस तसाच धो धो, पण जमीन जांभी नाही. म्हणजे आमचा रायगडातला बेलपाडा दुसऱ्या खणात.

शिवाय इथे माती एकच नाही. मागे खारघरचा डोंगर बेसॉल्टचा. त्याच्या उताराची पातळ वरकस जमीन नाचणी-वरीची. पायथ्याला बांध घातलेली भाताची खाचरं. आणि महामार्गापलीकडे खाडीकडे उतरलं की खारजमीन.

‘खारजमिनीत भातच का?’ हा प्रश्न पत्रिकेत नव्हता, तो मीच घातला. खाडीकाठी जमिनीखाली खारं पाणी फार खोल नसतं. उन्हाळ्यात वरची माती सुकते तसं ते वर ओढलं जातं. पाणी उडून जातं, मीठ राहतं. एप्रिलमध्ये ढेकळांवर पांढरी साय दिसली की समजावं. पावसाळ्यात पाणी शेतात तुंबवायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला सोडून द्यायचं. त्यासाठी बांधात उघाडी असते. ओहोटीत तिचं दार बाहेर उघडतं, भरतीचं पाणी रेटलं की आपोआप मिटतं. असं धुऊन झालं की लावणी. पुढेही शेतात उभं असलेलं पाणी मिठाला खाली दाबून ठेवतं. पाण्यात पाय रोवून उभं राहणारं पीक भातच. कापणीनंतर शेत सुकतं, मीठ पुन्हा वर येतं, म्हणून रब्बी बहुधा नाहीच.

भातालाही सगळं मीठ सोसत नाही. रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात ते नाजूक. ऑगस्टात पावसाने ओढ दिली की पानांची टोकं करपतात. उधाणाला बांधाला खांड पडली तर हंगाम गेलाच, आणि माती गोडी व्हायला पुढचा एक पावसाळा पुरेलच असं नाही. म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारे वाण काढले. त्यांची नावं साधी : पनवेल १, पनवेल २, पनवेल ३.

मुलीच्या आजीने ऐकता ऐकता विचारलं, ‘आणि आता काय पिकतं, ते कुठे लिहायचं गं?’ १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या; खाचरांवर आता इमारती आहेत. मुलीने उत्तरात लिहिलं : ‘पूर्वी भात.’ बाईंनी ‘पूर्वी’खाली लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला.