डास धुराने मरत नाही

जपानमध्ये 1890 साली एइचिरो उएयामा यांनी डास पळवणारी एक उदबत्ती तयार केली. तिच्यात शेवंतीच्या कुळातल्या पांढऱ्या पायरेथ्रम फुलांची पूड होती. पण ती उदबत्ती जेमतेम पाऊण तास टिके, आणि रात्र तर मोठी. त्यांच्या पत्नी युकी यांनी सुचवलं, काडी लांब करा आणि तिचं वेटोळं घाला. आज आपण पेटवतो ती कॉइल अशी जन्मली.

या कॉइलमधली खरी गंमत दिसत नाही. डासावर काम करणारं औषध जळत नाही, ते उडून जातं. निखारा पुढे सरकतो तसा त्याच्या काही मिलिमीटर पुढचा भाग तापतो आणि विस्तव पोहोचण्याआधीच तिथल्या औषधाची वाफ होऊन खोलीत पसरते. ही वाफ डासाच्या मज्जातंतूंवर घाला घालते. आपल्याला दिसतो तो धूर मात्र निव्वळ भुशाचा आणि करवंटीच्या पुडीचा. समजा, कॉइल 12 ग्रॅमची आहे आणि तिच्यात 0.1 टक्का औषध आहे. म्हणजे 12 मिलिग्रॅम औषध पसरवण्यासाठी आपण रात्रभर उशाशी जवळजवळ 12 ग्रॅम भुसा जाळतो!

त्या भुशाचा हिशेब 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्यावर दिसलं, की एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात. 'बिनधुराची' कॉइलही जळतेच, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड तिच्यातूनही निघतो. खिडक्या लावून घेतल्या की हे सगळं खोलीतच साठतं. डासांच्या अगरबत्त्यांचंही तेच. त्यातल्या कित्येकांच्या पुड्यावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांकही नसतो.

प्लगमध्ये लावायच्या लिक्विडमध्ये हीच युक्ती विस्तवाशिवाय साधते. गरम वातीतून औषध उडतं, त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड होत नाही. तरी औषध श्वासात जातंच. म्हणून मशीन उशापासून दूर लावावं आणि खिडकीची फट उघडी ठेवावी. अंगाला लावायचं क्रीम डासाला मारत नाही, त्याचा माग चुकवतं. पण काही तासांनी त्याचा जोर ओसरतो, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला ते लावू नये.

मच्छरदाणी हवेत काहीच सोडत नाही. चौरस इंचात किमान 156 छिद्रं असलेल्या जाळीतून हवा खेळते, आपल्या उच्छ्वासाचा वासही बाहेर जातो. त्या वासाने डास येतो आणि जाळीवरच अडतो. मात्र कोपर जाळीला टेकलं, तर तो बाहेरूनच चावतो. म्हणून ती ऐसपैस घ्यावी, कडा गादीखाली खोचाव्यात आणि भोक दिसताच शिवावं.

बंद खोलीत झोपायचं तर मच्छरदाणीच लावावी. लिक्विड चालेल, पण खिडकीची फट ठेवूनच. कॉइलची जागा अंगणात.