‘कायम’ म्हणजे नेमकं किती वेळा?

रात्री पावणेबाराला एका मैत्रिणीच्या मेसेजची रांगच लागली. सार एवढंच : ‘साहेब कायम सगळ्यांसमोर माझा पाणउतारा करतात. रजा तर मुद्दाम अडवतात. जीव नकोसा झालाय.’ सकाळी तिने विचारलं, “हेच एचआरला पाठवू का?”

पाठवू नये आणि पुसूही नये. त्या चॅटमधल्या प्रत्येक मेसेजला तारीख आणि वेळ आहे. पुढे तक्रार लिहायला बसलं, की आठवणीतून आधी तारखाच निसटतात.

आम्ही चॅटमधली वाक्यं तीन भागांत वाटली : घडलं काय, त्याचा अर्थ काय लावला आणि त्रास काय झाला. ‘कायम’ म्हणजे किती वेळा? जुने मेसेज चाळल्यावर तारखेसह तीन प्रसंग मिळाले. ‘पाणउतारा’ हा अर्थ झाला. साहेबांचे शब्द काय होते? ‘मुद्दाम’ हा साहेबांच्या मनातला भाग, तो तिला दाखवता येणार नव्हता. मात्र रजेचे दोन अर्ज कारण न देता नाकारल्याची नोंद कार्यालयाच्या ईमेलमध्ये होती. मग पहिला प्रसंग असा उतरला :

‘३ जून, सकाळी साडेदहाची बैठक. माझा अहवाल एक दिवस उशिरा आला होता. त्यावर साहेब म्हणाले, “एवढंही जमत नसेल तर घरी बसा.” सहा सहकारी हजर होते.’

उशिराचं वाक्य तिला गाळायचं होतं. पण ते गाळलं असतं, तर साहेबांच्या उत्तराची सुरुवात तिथूनच झाली असती आणि उरलेल्या तक्रारीवरचा विश्वासही उडाला असता. शब्द नक्की आठवत नसतील, तिथे अवतरणचिन्ह न देता ‘अशा आशयाचं बोलले’ लिहावं. साक्षीदार म्हणून कुणाचं नाव देण्याआधी त्याला विचारावं.

त्रासाला दोनच ओळी दिल्या : ‘त्यानंतर बैठकीत शंका विचारणं मी टाळते. त्यामुळे एक काम दोनदा करावं लागलं.’ शेवटी मागणी : चुका एकांतात सांगाव्यात, रजा नाकारल्यास कारण लेखी द्यावं. ‘साहेबांना समज द्या’ एवढंच लिहिलं असतं, तर पुढे काय बदललं हे तपासता आलं नसतं.

हा मार्ग सगळ्याच तक्रारींना लागू नाही. लैंगिक छळ असेल तर २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी लागते, तीही साधारणपणे तीन महिन्यांच्या आत.

एका पानाचा मजकूर वाचून मैत्रीण हिरमुसली. “यात माझा राग कुठेच नाही.”

“साहेबांचं वाक्य जसंच्या तसं आहे ना?” मी म्हटलं. “मग तो वाचणाऱ्याला येईल.”