पत्र्यावरचा पाऊस विकायचाय? आधी हे वाचा!

व्हिडिओत आपण रेकॉर्डर कसा चालवायचा ते पाहिलं. इथे एकच क्लिप घेऊन सुरुवातीपासून विक्रीपर्यंत जाऊया. क्लिप कोणती? पत्र्याच्या शेडवर पडणारा पाऊस. नवी मुंबईत पावसाळ्यात माल फुकट, आणि शॉर्टफिल्मवाल्यांपासून झोपेचे व्हिडिओ बनवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो लागतो.

सामान किती?

झूम एच१एन किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्ससारखा हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर, त्यावर घालायची केसाळ टोपी (डेडकॅट), छोटा ट्रायपॉड आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. बस. टोपीशिवाय बाहेर जाऊ नका, कारण वाऱ्याची फडफड एकदा रेकॉर्ड झाली की नंतर नीट निघत नाही.

सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल ठेवा. व्हिडिओचं काम 48 वरच चालतं. एमपी३ मध्ये रेकॉर्ड करू नका, त्यात दर्जा आधीच कापलेला असतो. स्टिरिओ वेव्हला मिनिटाला साधारण 17 एमबी जागा लागते, म्हणजे आठ मिनिटांना 140 एमबीच्या आत.

रेकॉर्डिंग

रात्री एक-दीडनंतर बसा. सायन-पनवेल हायवे तेव्हाही पूर्ण झोपत नाही, पण हॉर्न कमी होतात. रेकॉर्डर कोरड्या जागी, पत्र्यापासून दोन मीटरवर ट्रायपॉडवर ठेवा. बाल्कनीच्या रेलिंगवर ठेवलात तर थेंबांचे धक्के लोखंडातून थेट माइकमध्ये येतात. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, फ्रिज बंद करा आणि गाडीची चावी फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही!

लेव्हल अशी लावा की सगळ्यात मोठी सरसुद्धा उणे 12 डीबीच्या आसपास थांबेल. पाऊस अचानक वाढतो, आणि आवाज शून्यावर आदळून फाटला तर ती क्लिप गेलीच समजा. सुरुवातीला तोंडाने तारीख, वेळ, जागा बोला. मग आठ मिनिटं हलायचं नाही.

साफसफाई

इथे नवे लोक हमखास फसतात. नॉइज रिडक्शनचं बटण दाबतात. अहो, पाऊस हा स्वतःच नॉइज आहे! सॉफ्टवेअर त्यालाच खातं, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडणारा आवाज. त्यापेक्षा हेडफोन लावून पूर्ण आठ मिनिटं ऐका. कुत्रा, हॉर्न, खोकला जिथे आला तो तुकडा कापा आणि जोडावर क्रॉसफेड द्या. ट्रकची घरघर असेल तर 80 हर्ट्झच्या खालचा भाग फिल्टरने कमी करा. शेजारच्या टीव्हीवरचं गाणं ऐकू आलं तर तो भाग टाकूनच द्या, ते गाणं तुमच्या मालकीचं नाही.

आता दोन मिनिटांचा लूप बनवा. सलग चांगला तुकडा मधोमध कापा, दुसरा अर्धा पुढे आणा, पहिला त्याच्या मागे लावा आणि मधल्या जोडावर क्रॉसफेड द्या. शेवट आणि सुरुवात मुळात एकमेकांना लागूनच होते, त्यामुळे क्लिप पुन्हा पुन्हा वाजवली तरी सांधा कळत नाही. फाइलचं नाव गिऱ्हाईक सर्चमध्ये टाइप करेल असं ठेवा:

```
rain_tin-roof_heavy_loop_nerul_48k24.wav
```

लायसन्स: खरी कमाई इथे वाचते

पाऊस कोणाचाच नाही, पण तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग तुमचं आहे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. म्हणून क्लिप विकू नका, वापराचा परवाना विका. तीच क्लिप दहा जणांना देता येते.

परवाना लेखीच द्या, आणि दोन गोष्टी त्यात लिहाच. याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे (कलम 30ए ते परवान्यालाही लावतं) मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गिऱ्हाइकाचा व्हिडिओ मात्र यूट्यूबवर जगभर दिसतो, आणि सहाव्या वर्षीही तिथेच असतो. उद्या त्याने हा प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर हवं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे चारच मुद्दे देतो:

1. परवाना एकट्यासाठी नाही. मी ही क्लिप इतरांनाही देईन.
2. जगभर, कायमस्वरूपी, व्हिडिओत वापरता येईल, जाहिरातही चालेल.
3. नुसती ध्वनिफाइल म्हणून विकता किंवा वाटता येणार नाही.
4. यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवता येणार नाही.

चौथा मुद्दा छोटा वाटतो, पण एका गिऱ्हाइकाने तुमचा पाऊस स्वतःच्या नावावर नोंदवला तर बाकी नऊ जणांच्या व्हिडिओवर क्लेम येतील, आणि ते फोन तुम्हाला करतील. साउंड इफेक्ट कंटेंट आयडीत चालत नाहीत हा यूट्यूबचाही नियम आहे.

आणि हो, फ्रीसाउंडवरून उतरवलेला पाऊस आपल्या पॅकमध्ये मिसळू नका. तिथल्या बऱ्याच क्लिपवर श्रेय देण्याची किंवा व्यावसायिक वापर न करण्याची अट असते. पॉन्ड५सारख्या बाजारात क्लिप टाकताना हक्क तुमचेच आहेत असं तुम्ही लिहून देता. मूळ, न कापलेली फाइल जपून ठेवा. सुरुवातीला बोललेली तारीख आणि जागा हाच तुमचा पुरावा.

पुढच्या सरीला एक लूप तयार करा. लॅपटॉपवर दहा वेळा सलग वाजवा. सांधा ऐकू आला नाही, तर माल दुकानात लावायला तयार आहे.