सोसायटी सापडते नावाने, पत्ता सापडतो क्रमांकाने

अंधेरी पश्चिमेला 'साईकृपा' शोधायला निघालात तर रिक्षावाला आधी विचारील, "कुठली?" सहकार खात्याच्या यादीत नाव घालून बघितलं तरी तीच गत होते. साईकृपा, शिवदर्शन, गणेश प्रसाद या नावांच्या सोसायट्या एका वॉर्डातच अनेक असू शकतात. म्हणून गृहनिर्माण संस्थेचा नोंदणीकृत पत्ता शोधायचा असेल, तर नाव बाजूला ठेवून आधी नोंदणी क्रमांक हाती घ्यावा.

हा पत्ता लागतो कुठे? समजा, नागपूरला राहणाऱ्या एका बाईंच्या काकांचा मुंबईत फ्लॅट होता. काका गेले, नामनिर्देशन हिच्या नावे आहे. संस्थेला रीतसर अर्ज पाठवायचा, तर पाकिटावर काय लिहायचं? इमारतीच्या फाटकावरचं नाव बिल्डरने दिलेलं असतं, संस्थेचं नोंदलेलं नाव निराळं असू शकतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक संस्थेला एक नोंदलेला पत्ता असावाच लागतो. सूचना आणि पत्रव्यवहार त्या पत्त्यावर पाठवायचा असतो, आणि तो बदलला तर संस्थेने तीस दिवसांत निबंधकाला कळवायचं असतं. तेव्हा कागदोपत्री 'संस्थेला कळवलं' म्हणायचं, तर तोच पत्ता हवा.

काकांच्या कपाटात शेअर सर्टिफिकेट सापडलं. त्यावर संस्थेच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते. ती साधारण अशी दिसते (क्रमांक इथे नमुन्यादाखल घेतला आहे):

```
BOM/WKW/HSG/TC/4321/88-89
```

ही ओळ उलगडली की निम्मं काम होतं. `BOM` म्हणजे नोंदणी शहराचं नाव बदलण्याआधीची. १९९५ नंतरच्या संस्थांना `MUM` दिसतं, पुण्याला `PNA`, ठाण्याला `TNA`. `WKW` ही के-पश्चिम वॉर्डाची खूण, म्हणजे विलेपार्ले, अंधेरी आणि जोगेश्वरी यांचा पश्चिम भाग. `HSG` म्हणजे गृहनिर्माण. `TC` हा संस्थेचा प्रकार, भाडेकरू सहभागीदारी. यात इमारत आणि जमीन संस्थेची आणि सभासदाला गाळ्याचा ताबा, ही आपल्याकडची नेहमीची फ्लॅटची सोसायटी. पुढे अनुक्रमांक आणि नोंदणीचं वर्ष. तिरक्या रेघा आणि कंस प्रत्येक कार्यालय आपापल्या पद्धतीने घालतं. म्हणून संगणकावर शोधताना अख्खी ओळ टाकू नये, नुसता `4321` टाकावा आणि वर्ष डोळ्यांनी जुळवावं.

यादी कुणाची बघायची हेही याच ओळीत लिहिलेलं असतं. मुंबईत वॉर्डनिहाय उपनिबंधक आहेत, तालुक्याच्या ठिकाणी सहायक निबंधक, आणि त्यांच्या वर जिल्हा उपनिबंधक. पण मधली अक्षरं `MHADB` असतील तर संस्था म्हाडाच्या वसाहतीतली, `SRA` असेल तर झोपडपट्टी पुनर्वसनातली, आणि `NBOM/CIDCO` असेल तर नवी मुंबईतली. या तिन्ही ठिकाणी सहकार खात्याचे वेगळे निबंधक बसतात. अशी संस्था वॉर्डाच्या यादीत न मिळाली तर ती बोगस ठरत नाही, आपण यादी चुकीची उघडलेली असते. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. फ्लॅटचा करारनामा जिथे नोंदवतो ते दुय्यम निबंधक कार्यालय निराळं, सहकारी संस्थांचे उपनिबंधक निराळे. पहिल्या कार्यालयात सोसायट्यांची यादी मागून उपयोग नाही. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर मात्र तिचं घोषणापत्र दुय्यम निबंधकाकडेच नोंदलेलं असतं आणि सहकाराच्या यादीत ती कधीच येणार नाही.

आता यादी. सहकार खात्याच्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर संस्थांच्या याद्या असतात. शिवाय केंद्राचा राष्ट्रीय सहकारी डेटाबेस (`cooperatives.gov.in`) मार्च २०२४ मध्ये खुला झाला, त्यात राज्य, जिल्हा आणि क्षेत्र निवडत खाली उतरता येतं. कार्यालयाची यादी साधारण अनुक्रमांक, संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि दिनांक अशा रकान्यांची असते. तीत नाव कधी इंग्रजीत असतं, तर कधी 'सह. गृह. संस्था मर्या.' असं आखडून लिहिलेलं. जुन्या मराठी फाँटमधली पीडीएफ असली, तर डोळ्यांना 'साईकृपा' स्वच्छ दिसतं पण शोध-खिडकी 'काही नाही' म्हणते, कारण आत अक्षरांच्या जागी भलतेच संकेत असतात. तिथेही आकडा कामी येतो. आकडाही सापडला नाही, तर पानं स्कॅन केलेली आहेत असं समजावं आणि नोंदणी वर्षाच्या आधाराने एकेक पान चाळावं. इलाज नाही.

नागपूरच्या बाईंना ओळ सापडली असं धरू. पत्त्याच्या रकान्यात फक्त 'सि.टी.एस. नं. अमुक, मौजे अंबिवली, अंधेरी (प.), मुंबई ५८'. ना रस्ता, ना खूण. संस्था नोंदवताना इमारत नुकती उभी राहिलेली असते, रस्त्याला नावही नसतं, म्हणून जमिनीच्या कागदावरचं वर्णनच पत्ता म्हणून उतरतं. यातला सिटी सर्व्हे नंबर मोलाचा. काकांच्या करारनाम्यातल्या मिळकतीच्या वर्णनात तोच नंबर आणि तेच मौजे असेल, तर संस्था हीच. 'मुंबई ५८' म्हणजे ४०००५८, पण ओळ जुनी आहे. आज त्या गल्लीला कुठला पिनकोड लागतो ते टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. रकान्यात एखाद्याच्या घरचा पत्ता दिसला, तर तो बहुधा मुख्य प्रवर्तकाचा असतो. नोंदणीपूर्वीचा पत्रव्यवहार त्याच्याच नावाने चालतो, आणि नंतर कुणी बदल कळवला नाही की तो तिथेच राहतो.

यादी म्हणजे मूळ नोंद नव्हे, कुणीतरी केलेली तिची नक्कल आहे, हे विसरू नये. शंका राहिली तर उपनिबंधक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. 'सोसायटीची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की अर्ज भिजत पडतो. त्याऐवजी नोंदणी क्रमांक देऊन नोंदणी प्रमाणपत्राची, मंजूर उपविधींच्या पहिल्या पानांची आणि पत्ता बदलल्याचं पत्र असल्यास त्याची प्रत मागावी. आदर्श उपविधींमध्ये नोंदणीकृत पत्ता सुरुवातीलाच लिहिलेला असतो, त्यामुळे ती दोन पानं पुरतात.

पुनर्विकासात गेलेल्या सोसायट्यांची अडचण वेगळी. इमारत पाडली, सभासद भाड्याच्या घरांत पांगले, तरी पत्ता बदलला नसेल तर निबंधकाकडे तोच जुना. पोस्टमन पत्र्याच्या कुंपणापर्यंत जातो आणि पाकीट परत आणतो. अशा वेळी नोंदणीकृत पत्त्यावर तर पाठवावंच, आणि सचिवांचा सध्याचा पत्ता मिळाल्यास दुसरी प्रत तिकडे, तिसरी उपनिबंधकांना. पोचपावतीसह स्पीड पोस्ट करावं आणि पाकिटावर पत्त्याखाली नोंदणी क्रमांक लिहावा. परत आलेलं पाकीट फोडू नये. त्यावरचा पोस्टमनचा शेरा आणि तारखेचा शिक्का पुढे कामाला येतो. 'घेण्यास नकार' असा शेरा असेल तर पत्ता बरोबर होता. 'पत्ता अपूर्ण' असेल तर पुन्हा त्या सिटी सर्व्हे नंबरकडे वळावं लागतं.