सर्दी झाली की लेकराची छाती वाजते. प्रत्येक वेळी तो दमाच असतो का?

रावेर : थंडी सुरू झाली की तालुक्यातल्या बालरोग दवाखान्यांसमोर एकच तक्रार ऐकू येते. "सर्दी झाली की पोऱ्याची छाती वाजते. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आणलं." वाफेची मशीन लावली की लेकरू मोकळं होतं, घरी जातं, आणि पुढच्या सर्दीला परत तेच. मग घरात कुणीतरी 'दमा' हा शब्द काढतं आणि आई-बापाची झोप उडते. काही घरांत उलटं होतं. खरोखर दम्याकडे जाणारं लेकरू 'कफ प्रकृतीचं आहे' म्हणून वर्षानुवर्षं सिरपवर काढलं जातं. या दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी महागड्या तपासणीपेक्षा घरच्यांनी नीट पाहून ठेवलेली माहिती जास्त कामाला येते.

आवाज कुठून येतो?

आधी आवाज ओळखायला हवा. नाक चोंदलं किंवा घशात शेंबूड साचला की जी घरघर होते, ती छातीवर हात ठेवला तरी जाणवते. नाक साफ केलं की ती कमी होते. तिचा दम्याशी संबंध नाही. डॉक्टर ज्याला 'व्हीझ' म्हणतात तो आवाज बारीक शिट्टीसारखा असतो आणि बहुतेक वेळा श्वास बाहेर सोडताना येतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तो थांबलेला असू शकतो. म्हणून आवाज येत असतानाच लेकराचा शर्ट वर करून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा. डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.

ही शिट्टी लहान मुलांमध्येच इतकी का वाजते? कारण साधं आहे. विषाणूच्या सर्दीत श्वासनळ्यांना आतून सूज येते. समजा, मोठ्या माणसाची एखादी नळी १० मिलिमीटर रुंद आहे आणि तिला चारही बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली. तरी ८ मिलिमीटर वाट उरते. तीच सूज लेकराच्या ४ मिलिमीटरच्या नळीला आली तर उरतात फक्त २ मिलिमीटर, म्हणजे हवेसाठी जागा चौथाईवर येते. त्यात चिकट कफ. मग शिट्टी वाजणारच. लेकरू वाढतं तशा नळ्याही रुंद होतात, आणि तेवढीच सर्दी पुढे छातीपर्यंत त्रास देत नाही.

दहापैकी सहा मुलांची छाती वाजणं थांबलं

या प्रश्नावर सर्वात जास्त उजेड टाकला तो अमेरिकेतल्या टुसॉन शहरातल्या अभ्यासाने. १९८० पासून तिथे जन्मलेल्या हजाराहून अधिक बाळांची नोंद ठेवली गेली. त्यातल्या ८२६ मुलांचा सहा वर्षांपर्यंतचा हिशेब १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या मुलांची छाती सहा वर्षांच्या आत कधी ना कधी वाजली होती. पण पहिल्या तीन वर्षांत ज्यांची वाजली, त्यातल्या दहापैकी साधारण सहा जणांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. बाकी चौघांची चालूच राहिली.

म्हणजे छाती वाजते एवढ्यावरून दमा ठरत नाही. आपलं लेकरू त्या सहांत आहे की चौघांत, एवढंच शोधायचं असतं. पाच वर्षांखालच्या मुलाला नळीत जोरात फुंकायची तपासणी नीट जमत नाही आणि एक्स-रेमध्ये दमा दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांचा भर लक्षणांच्या पद्धतीवर असतो.

दोन लेकरं, दोन वाटा

तालुक्यातल्या अनेक घरांत दिसणारं चित्र समजण्यासाठी दोन काल्पनिक लेकरं घेऊ.

पहिलं लेकरू दोन वर्षांचं. अंगणवाडीत जाणाऱ्या मोठ्या बहिणीकडून त्याला सर्दी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती वाजते आणि आठवड्याभरात सगळं शांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं तीनदा झालं. पण दोन सर्दींच्या मधे ते अंगणभर पळतं, खदाखदा हसतं, रात्रभर झोपतं, खोकला नाही. घरात आई-बापाला दमा नाही, लेकराच्या अंगावर खाज-पुरळ नाही. हे विषाणूमुळे वाजणाऱ्या छातीचं चित्र आहे. वजन नीट वाढत असेल, तर असं लेकरू बहुधा शाळेत जाईपर्यंत यातून बाहेर पडतं.

दुसरी पोरगी साडेतीन वर्षांची. तिलाही सर्दीत छाती वाजायचा त्रास, वर्षात चार वेळा. पण तिचा खोकला दहा-बारा दिवस लांबतो. सर्दी नसतानाही पकडापकडी खेळली की मधेच बसते, खूप हसली की खोकते, पहाटे दोन-तीनला खोकून उठते. अंगण झाडताना धूळ उडाली की शिट्टी सुरू. तान्ही असताना गालावर आणि कोपराच्या खाचेत कोरडी, खाजरी कातडी होती, म्हणजे इसब. आईला लहानपणापासून दमा. इथे बाण दम्याकडे जातो.

दोघांत फरक करणारी खूण छाती किती जोरात वाजते ही नाही. सर्दी नसताना काय होतं, ही खरी खूण. टुसॉनच्या नोंदींवरूनच डॉक्टरांनी एक ठोकताळा बसवला. छाती वारंवार वाजणाऱ्या मुलाच्या आई किंवा वडिलांना दमा असेल, किंवा मुलाला इसब असेल, तर एकच गोष्ट पुरेशी वजनदार धरतात. सर्दीशिवाय छाती वाजणं, ॲलर्जीची नाकगळती आणि रक्तात इओसिनोफिल पेशी चार टक्के किंवा जास्त असणं, यातल्या दोन गोष्टी लागतात. यातलं काहीच नसेल तर पुढे दमा टिकण्याची शक्यता फार कमी. हा ठोकताळा 'नाही' सांगायला जास्त भरवशाचा आहे, 'हो' सांगायला तेवढा नाही.

म्हणून दुसऱ्या पोरीला डॉक्टर लगेच जन्माचा शिक्का मारत नाहीत. दोन-तीन महिने कमी मात्रेतलं, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड रोज देऊन पाहतात. त्या काळात रात्रीचा खोकला थांबला, खेळणं वाढलं, आणि औषध बंद केल्यावर त्रास परत आला, तर दम्याचा पुरावा भक्कम होतो. काहीच फरक पडला नाही तर औषध वाढवत न बसता दुसरं कारण शोधावं लागतं. घरच्यांनी कॅलेंडरवर खुणा केल्या तर हा हिशेब सोपा जातो : सर्दी कधी, छाती कधी वाजली, रात्री कधी उठली, पंप कधी लागला.

पंपाची भीती आणि सिरपचा भरवसा

"पंपाची सवय लागते" हा गावोगावचा समज. प्रत्यक्षात सवय लागेल असं त्या औषधात काही नाही. नळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल पंपातून थेट छातीत जातं, म्हणून मात्रा फार थोडी लागते. तेच औषध सिरपमधून पोटात गेलं की मात्रा वाढते, हात थरथरतात, छातीत धडधडतं आणि आराम कमी मिळतो. रोजच्या स्टिरॉइड पंपाने उंचीत साधारण एका सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, म्हणून तो कमीत कमी मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालतो.

पंप नुसता तोंडात मारून उपयोग नाही. लहान मुलाला मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंप जोडायचा प्लॅस्टिकचा डबा, लागतोच. पंप हलवून स्पेसरला जोडायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता बसवायचा, एकच दाब द्यायचा आणि पाच ते दहा साधे श्वास होऊ द्यायचे. दुसरा दाब लागला तर पुन्हा हलवून. लेकरू रडत असेल तर औषध तोंडातच अडकतं, म्हणून आधी त्याला मांडीवर शांत करावं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवावा. फडक्याने पुसला तर आत वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर तोंड धुवून, चेहरा पुसून घ्यावा.

दुकानातून आणलेलं खोकल्याचं सिरप यात काहीच करत नाही. रावेरला लागून असलेल्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, २०२५ मध्ये विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. विषाणूच्या सर्दीवर प्रत्येक वेळी अँटिबायोटिकही नको. छातीला चटके देणं तर कधीच नको. उकळत्या भांड्याची वाफ देताना पोरं भाजतात, श्वासनळीची सूज मात्र तशीच राहते.

घरात बदलता येणारी मोठी गोष्ट म्हणजे धूर. एक मच्छर कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असल्याचं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. बंद खोलीत कॉइल, चुलीजवळ झोपवलेलं बाळ आणि घरातली बिडी, यांनी दोन्ही प्रकारच्या मुलांची छाती जास्त वाजते. कॉइलऐवजी मच्छरदाणी हा सोपा बदल आहे.

दुसरंच काही तर नाही?

सर्दी-ताप काही नसताना, खेळता-खेळता शेंगदाणा किंवा हरभरा खात असलेलं लेकरू एकदम ठसकलं आणि तेव्हापासून छाती वाजते, तर दाणा नळीत अडकलेला असू शकतो. थोड्या वेळाने खोकला थांबला तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं. जन्मापासूनच आवाज असणं, दूध पिताना दरवेळी ठसका लागणं, वजन न वाढणं, रोजचा ओला खोकला, किंवा दोन आठवड्यांवर गेलेला खोकला आणि घरात क्षयरोगी असणं, ही दम्याची चित्रं नाहीत. त्यांची वेगळी तपासणी लागते.

थांबायचं नाही, असं कधी?

लेकरू शांत असताना पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. त्याच दिवशी दाखवावं. आशाताईंना हे मोजणं शिकवलेलं असतं.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, पिणं किंवा बोलणं न जमणं, ओठ निळसर होणं, लेकरू गुंगीत जाणं, किंवा पंपाचा आराम तीन-चार तासही न टिकणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. शिट्टीचा आवाज बंद झाला पण धाप तशीच आहे, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही. नळ्यांतून हवाच कमी जात असते. अशा वेळी १०८ वर फोन करावा, पंप असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देत राहावा आणि लेकराला आडवं न करता कडेवर उभं धरूनच न्यावं.