२३,६०० चे पंखे विकले, बिल निघालं २२,८३५ चं : अकाउंटंटला पत्र लिहायचं तर ते कसं?

समजा, गुलमंडीवर एक छोटं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, हाताखाली एक पोरगा आहे आणि हिशेब बाहेरचा अकाउंटंट बघतो. उन्हाळा तोंडावर आलाय. अशात वाळूजच्या एका छोट्या कारखान्याकडून आठ सीलिंग फॅनची ऑर्डर येते. फोनवरच भाव ठरतो. एक पंखा २,९५० रुपये, टॅक्स धरून. आठ पंख्यांचे झाले २३,६०० रुपये.

मालक व्हॉट्सॲपवर अकाउंटंटला कळवतो, "आठ फॅन, २३,६०० टॅक्ससकट, बिल करा." तासाभरात बिलाची पीडीएफ येते. ती पंख्यांसोबत टेम्पोतून वाळूजला रवाना होते. चार दिवसांनी बँकेत पैसे जमा होतात आणि मालकाच्या लक्षात येतं की आकडा २२,८३५ चा आहे. कारखान्याला फोन केला तर तिथला माणूस सरळ सांगतो, "साहेब, तुमच्या बिलावर जेवढे आहेत तेवढे टाकले."

माणूस खरं बोलतोय. बिलावर एकूण रक्कम २२,८३५ च आहे.

मग ७६५ रुपये गेले कुठे?

बिल उघडून बघितलं तर तिथे कुठलीच बेरीज चुकलेली नाही, आणि हीच या चुकीची गंमत आहे. करपात्र किंमत १९,३५२ रुपये. त्यावर सीजीएसटी ९ टक्के म्हणजे १,७४१.६८ आणि एसजीएसटी ९ टक्के म्हणजे तेवढेच १,७४१.६८. एकूण २२,८३५.३६, राउंड ऑफ करून २२,८३५. कॅल्क्युलेटरवर कितीही वेळा करा, बरोबरच येणार. चूक बिलाच्या आधीच झालेली आहे, १९,३५२ हा आकडा काढताना.

तो आला कसा? २३,६०० चे १८ टक्के होतात ४,२४८. ते २३,६०० मधून वजा केले की उरतात १९,३५२. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. टॅक्स १८ टक्के आहे, टॅक्ससकट रक्कम २३,६०० आहे, मग १८ टक्के काढून टाका. पण टॅक्स लागतो तो मूळ किमतीवर. मूळ किंमत १०० असेल तर टॅक्स १८ आणि एकूण ११८. आता उलटं यायचं तर ११८ मधून १८ काढायला हवेत. ११८ चे १८ टक्के मात्र २१.२४ होतात. म्हणजे ३.२४ रुपये जास्तीचे निघाले.

बरोबर रीत अशी की टॅक्ससकटच्या रकमेला १०० ने गुणायचं आणि ११८ ने भागायचं. २३,६०० ला हे केलं की बरोबर २०,००० येतात. टॅक्स ३,६००, म्हणजे दोन्हीकडे १,८०० आणि १,८००. हा काही कुणाच्या सोयीचा हिशेब नाही. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ३५ मध्ये टॅक्ससकटच्या रकमेतून टॅक्स वेगळा करायचं सूत्र दिलेलं आहे :

```
टॅक्स = टॅक्ससकट रक्कम × दर ÷ (100 + दर)
23600 × 18 ÷ 118 = 3600
```

आता तुम्ही म्हणाल, अकाउंटंटला एवढं कळत नाही का? कळतं. पण मार्च महिना असतो, तीस-चाळीस दुकानांचे हिशेब समोर असतात आणि व्हॉट्सॲपवर पन्नास मेसेज पडलेले असतात. टॅलीमध्ये टॅक्ससकटचा भाव टाकायला `Rate (Incl. of Tax)` असा वेगळा रकाना मिळतो. तो सुरू नसेल तर मूळ किंमत हाताने काढावी लागते, आणि हाताने काढताना माणूस १८ टक्के वजा करून मोकळा होतो. पुढचं सगळं सॉफ्टवेअर इमानदारीत करतं. त्याला १९,३५२ दिले, त्याने १९,३५२ वर १८ टक्के लावले.

याच्या उलटी चूकही होते. टॅक्ससकटचे २३,६०० हीच मूळ किंमत समजून वर पुन्हा १८ टक्के लावले की बिल होतं २७,८४८ चं. पण ही चूक लपत नाही, कारण गिऱ्हाईक पाच मिनिटांत फोन करून ओरडतं. कमी झालेल्या बिलावर मात्र कुणीच ओरडत नाही. ते दुकानदारालाच शोधावं लागतं.

शोधायचं कसं, तर अठरा टक्क्यांच्या मालात ही चूक झाली की बिल दर वेळी ठरलेल्या रकमेच्या ९६.७६ टक्के निघतं. हजाराला ३२ रुपये ४० पैसे कमी. पाच टक्क्यांच्या मालात हीच चूक हजाराला अवघी अडीच रुपयांची पडते, म्हणून ती वर्षानुवर्षं राउंड ऑफच्या नावाखाली खपून जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांच्या टप्प्यातल्या बऱ्याच वस्तू १८ वर आल्या. २८ ला हाच फटका हजाराला ७८ रुपयांचा होता.

खरंखुरं राउंड ऑफ पैशांत असतं. ९९९ रुपयांची वस्तू घ्या. ११८ ने भागल्यावर मूळ किंमत येते ८४६.६१, दोन्ही टॅक्स प्रत्येकी ७६.१९, आणि बेरीज ९९८.९९. एक पैसा इकडेतिकडे, तो राउंड ऑफच्या ओळीत बसतो. एका बिलात रुपयापेक्षा जास्त फरक पडला तर तो राउंड ऑफ नाही, असं धरून चालायला हरकत नाही.

आता पत्राकडे येऊ. फोन का नाही? फोन करावाच, पण लेखी काहीतरी हवं. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर निघालेलं असतं, रिटर्नही त्याच नंबरवर जातं, आणि उद्या विचारणा झाली तर ती अकाउंटंटला नाही, दुकानदाराला होते. शिवाय फोनवर "ते बिल जरा बघा ना" म्हटलं की कोणतं बिल आणि काय बघायचं, हे दोन्ही हवेत विरतं.

दुसरी गोष्ट मान राखण्याची. त्याच माणसाकडून एप्रिलमध्ये वर्षाचा हिशेब पूर्ण करून घ्यायचाय. त्यामुळे "तुमच्यामुळे माझं नुकसान झालं" अशी सुरुवात कामाची नाही. आकडे समोर ठेवले की चूक आपोआप दिसते. पत्र साधारण असं :

> १८ मार्च
> मा. अकाउंटंट साहेब,
> स. न. वि. वि.
>
> आपण १२ मार्चला करून दिलेलं बिल क्र. ४७ (आठ सीलिंग फॅन, वाळूज) एकदा पुन्हा तपासून द्यावं, ही विनंती.
>
> गिऱ्हाइकाशी भाव टॅक्ससकट ठरला होता. एक फॅन रु. २,९५०, आठ फॅन रु. २३,६००. बिलावर एकूण रु. २२,८३५ आले आहेत. रु. ७६५ चा फरक दिसतो.
>
> मी माझ्या परीने हिशेब करून पाहिला. २३,६०० ला ११८ ने भागून १०० ने गुणलं तर मूळ किंमत रु. २०,००० येते, टॅक्स रु. ३,६००. बिलावर मूळ किंमत रु. १९,३५२ आहे. २३,६०० मधून थेट १८ टक्के वजा केले की हा आकडा येतो. गडबडीत तसं झालं असावं. माझं समजण्यात काही चुकत असेल तर कृपया सांगावं.
>
> माल आणि बिल दोन्ही गिऱ्हाइकाकडे पोचले आहेत. मार्चचं रिटर्न जायच्या आत दुरुस्ती कशी करायची ते कळवावं, म्हणजे मी वाळूजला तसं सांगेन. ऑर्डरचा मेसेज आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. या महिन्यात टॅक्ससकट भावाची आणखी बिलं झाली असतील तर तीही नजरेखालून घालावीत.
>
> आपला,
> (सही, दुकानाचा शिक्का)

या पत्रात "टॅक्ससकट" हा शब्द सुरुवातीलाच भावाशी जोडून आलाय. तो विसरला तर सगळं पत्र फुकट, कारण भाव टॅक्स सोडून होता की धरून, यावरच वाद आहे. ऑर्डरचा मेसेज जोडायचा तो त्याचाच पुरावा म्हणून. आणि दुकानदाराने "बिल बदलून द्या" असं म्हटलेलं नाही, "दुरुस्ती कशी करायची" असं विचारलंय. हे नुसत्या सभ्यतेपोटी नाही.

कारण बिल बदलून देता येईलच असं नसतं. बिल अजून दुकानातच पडून असेल तर ते रद्द करून नव्या नंबरने दुसरं करता येतं. जुना नंबर पुन्हा वापरायचा नाही, तो रिटर्नमध्ये रद्द म्हणून दाखवायचा. पण इथे माल गेलाय, बिल गेलंय, आणि कारखान्याने ते आपल्या खात्यात चढवलंय. अशा वेळी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये दोन कागद सांगितलेत. बिल जास्तीचं झालं असेल तर क्रेडिट नोट, कमी झालं असेल तर डेबिट नोट. आपल्या दुकानदाराला लागते ती डेबिट नोट. करपात्र किंमत ६४८ रुपये, सीजीएसटी ५८.३२, एसजीएसटी ५८.३२, एकूण ७६४.६४, म्हणजे ७६५. जुन्या बिलाचे २२,८३५ आणि हे ७६५ मिळून बरोबर २३,६०० होतात. नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख टाकायची, म्हणजे कारखान्यालाही वाढलेल्या टॅक्सचं क्रेडिट घेताना अडचण येत नाही.

तारखेचं म्हणाल तर दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं. तिमाही योजनेत असलेल्यांसाठी ही तारीख तिमाहीनंतरची १३ असते. डेबिट नोट ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवायची असते. त्यामुळे एप्रिल उजाडला तरी रस्ता बंद होत नाही, पण आठ फॅनची विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते आणि वर्षअखेरीचा ताळमेळ लावताना अकाउंटंटला ती पुन्हा आठवावी लागते. १८ मार्चला पत्र गेलं तर तेवढं वाचतं.

एका ठिकाणी मात्र डेबिट नोटचा काही उपयोग नाही. तोच फॅन दुकानातून घरगुती गिऱ्हाइकाला विकला आणि बिल कमी निघालं, तर तो माणूस पैसे देऊन गेलेला असतो. त्याच्या मागे ९५ रुपयांसाठी कोण धावणार? आणि भाव आधीच एमआरपीला टेकलेला असेल तर त्याच्या वर मागताही येत नाही, कारण छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. तिथे फरक दुकानदाराच्याच खिशातून जातो. म्हणून पत्राच्या शेवटी बाकीची बिलं नजरेखालून घालायची विनंती आहे. एका बिलात १८ टक्के वजा झाले असतील तर त्या महिन्यात ते आणखी कुठेतरी झालेले असण्याची शक्यता बरीच असते.